दागिना गहाण ठेवण्याआधीचा हिशेब

आज आपण सोनेतारण कर्जाविषयी बोलणार आहोत. जून-जुलै आला की आमच्या गटांच्या बैठकीत हा विषय निघतोच. मुलांची फी, बी-बियाणं, खत, कुणाचा दवाखाना, असं सगळं एकदम येतं आणि मग नजर जाते ती डब्यातल्या दागिन्याकडे. दागिना गहाण ठेवण्यात लाजण्यासारखं काही नाही. अडीअडचणीसाठीच तो केलेला असतो. पण गहाण ठेवताना आपण काय लिहून देतो आणि काय लिहून घेतो, हे समजून घेतलं नाही तर काय होतं, ते आम्ही आमच्याच गटात बघितलं आहे.

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या गटातल्या एका मावशींनी पोहेहार गहाण ठेवला होता. वर्षाने कांद्याचे पैसे आले, ते घेऊन त्या हार सोडवायला गेल्या. तिथे कळलं की हाराचा लिलाव होऊन महिना झाला. मुदत अकरा महिन्यांची होती, मावशींनी वर्ष धरलं होतं. मोबाइल नंबर मुलाचा दिला होता, तो मुलाने बदलला. पत्र गेलं ते जुन्या घराच्या पत्त्यावर. आणि हातातल्या पावतीवर लिहिलं होतं एवढंच : "सोन्याचा हार, १ नग." वजन किती, कॅरेट किती, काही नाही. लिलावात हार किती रुपयांना गेला, कर्ज फिटून काही उरलं का, हे विचारायला गेलो तर बोट ठेवायला कागदावर काहीच नव्हतं. त्या दिवशी आम्ही ठरवलं, की गटातली कोणीही बाई गहाण ठेवायला एकटी जाणार नाही आणि कागद वाचल्याशिवाय दागिना खिडकीच्या आत देणार नाही.

आता नियमही पुष्कळ स्पष्ट झाले आहेत. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये सोने आणि चांदी तारणावरच्या कर्जांसाठी नवे निर्देश काढले आणि ते १ एप्रिल २०२६ पर्यंत लागू करायला सांगितले. ते सरकारी आणि खासगी बँका, ग्रामीण बँका, सहकारी बँका आणि सोन्यावर कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपन्या यांच्यासाठी आहेत. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. गावातली पतसंस्था आणि परवाना असलेला सावकार यांना हे निर्देश लागू नाहीत. पतसंस्था राज्याच्या सहकार कायद्याखाली येते आणि सावकार राज्याच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली. म्हणून तिथे जात असाल तर आज सांगतोय ते सगळे प्रश्न स्वतः विचारून, उत्तरं कागदावर घ्यायची.

हिशेब समजावा म्हणून आमच्या दुसऱ्या गटातल्या एका वहिनींचं उदाहरण घेऊ. त्यांच्या मुलीचा नर्सिंगला नंबर लागला. फी आणि वसतिगृह मिळून १ लाख २० हजार रुपये हवे होते. वहिनींकडे दोन पाटल्या होत्या आणि सासूबाईंची जुनी बोरमाळ होती. घरातल्या काट्यावर सगळं मिळून ३० ग्रॅम भरलं. म्हणजे आताच्या बोलीत तीन तोळे. सोन्याचा भाव रोज बदलतो, तेव्हा हिशेबाला सोपा पडावा म्हणून आपण असं धरू, की २४ कॅरेट सोनं ग्रॅमला १२ हजार रुपये आहे. वहिनींच्या घरी हिशेब झाला : तोळ्याला १ लाख २० हजार, तीन तोळ्यांचे ३ लाख ६० हजार. त्यांच्या मनात तोच आकडा बसला होता.

आम्ही सोबत गेलो. तिथे जो हिशेब झाला तो वेगळा होता, आणि तो बरोबर होता. तो कसा, ते बघू.

पहिली गोष्ट वजनाची. दागिन्याचं एकूण वजन वेगळं आणि त्यातल्या सोन्याचं निव्वळ वजन वेगळं. पाटल्या भरीव होत्या, त्यांचं १६ ग्रॅम वजन जसंच्या तसं धरलं. बोरमाळ भरली १४ ग्रॅम. पण जुन्या बोरमाळेचे मणी पातळ पत्र्याचे असतात आणि आत लाख भरलेली असते. शिवाय ओवलेला दोरा असतो. लाख आणि दोऱ्याचे मिळून ४ ग्रॅम वजा केले आणि सोनं धरलं १० ग्रॅम. मंगळसूत्र असेल तर काळे मणी वजा होतात, नथ असेल तर मोती, अंगठी असेल तर खडा. खडा कितीही किमती असला तरी कर्जासाठी त्याची किंमत शून्य. किंमत फक्त सोन्याची होते.

इथे आपलं काम काय? ही वजावट आपल्यासमोर व्हायला हवी. तपासणीच्या वेळी कर्जदार हजर असावा आणि किती वजन कशासाठी कापलं ते त्याला सांगावं, असं नव्या निर्देशांत स्पष्ट आहे. दागिना घेऊन कोणी आतल्या खोलीत जाऊ लागलं, तर "आमच्यासमोर वजन करा" असं सरळ म्हणायचं. त्यात भांडण नाही, तो आपला हक्क आहे. आणि घरून निघायच्या आधी ओळखीच्या सराफाकडे प्रत्येक दागिन्याचं वेगवेगळं वजन करून वहीत लिहून ठेवायचं. म्हणजे तिथला आकडा पटतो की नाही, ते लगेच कळतं.

दुसरी गोष्ट कसाची. शुद्ध सोनं २४ कॅरेट. दागिने बहुधा २२ कॅरेटचे, म्हणजे चोवीस भागांत बावीस भाग सोनं. त्यालाच ९१६ म्हणतात. तपासताना सराफ काळ्या कसोटीच्या दगडावर दागिना घासतो आणि त्या रेघेवर ॲसिड टाकून बघतो. काही ठिकाणी मशीन असतं, त्यात दागिना ठेवला की घासाघीस न करता कॅरेटचा आकडा दिसतो. हॉलमार्क असेल तर वाद कमी होतो. पण जुन्या दागिन्यावर हॉलमार्क नसतोच, म्हणून कर्ज नाकारत नाहीत, तपासून कॅरेट ठरवतात. जुन्या दागिन्याची पावती सापडत नसेल, तर तो आपलाच आहे असं लेखी द्यावं लागतं.

वहिनींच्या पाटल्या २२ कॅरेटच्या निघाल्या. बोरमाळ निघाली २० कॅरेटची. सासूबाईंना वाईट वाटलं, पण जुन्या दागिन्यात असं होतं. डाग लावताना इतर धातू मिसळलेला असतो. आता भाव बघा. २४ कॅरेटचे १२ हजार, तर २२ कॅरेटचे ११ हजार आणि २० कॅरेटचे १० हजार. पाटल्या १६ ग्रॅम गुणिले ११ हजार, झाले १ लाख ७६ हजार. बोरमाळ १० ग्रॅम गुणिले १० हजार, झाला १ लाख. एकूण २ लाख ७६ हजार. घरचा आकडा होता ३ लाख ६० हजार. ८४ हजारांचा फरक पडला आणि त्यात कोणी फसवलं नव्हतं. लाख, दोरा आणि कॅरेट यांचाच तो फरक.

अजून एक फरक पडतो तो भावात. आपण सराफाच्या दुकानात आजचा भाव विचारून जातो. कर्जासाठी तो भाव धरत नाहीत. इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशन नावाची सोन्याच्या व्यापाऱ्यांची संस्था रोज भाव जाहीर करते. हा भाव किंवा सेबीची मान्यता असलेल्या बाजारातला भाव धरतात. त्यातही मागच्या तीस दिवसांची सरासरी आणि कालचा बंद भाव, या दोन्हींत जो कमी असेल तो. सोनं भराभर चढत असेल तर सरासरी कमी असते, तीच धरली जाते. त्यात मजुरी नाही आणि जीएसटीही नाही. दागिना करताना दिलेली मजुरी कर्जाच्या वेळी मोजली जात नाही, हे मनाशी पक्कं ठेवायचं.

आता तिसरी गोष्ट. सोन्याच्या किमतीच्या किती टक्के कर्ज मिळतं? याला लोन टू व्हॅल्यू म्हणतात, तिथले लोक नुसतं एलटीव्ही म्हणतात. शिक्षण, दवाखाना, घरखर्च अशा कामासाठी कर्ज असेल तर नव्या निर्देशांप्रमाणे अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या जास्तीत जास्त ८५ टक्के. अडीच लाखांच्या वर पाच लाखांपर्यंत ८० टक्के आणि पाच लाखांच्या वर ७५ टक्के. ही वरची हद्द आहे. एवढं दिलंच पाहिजे असं नाही, देणारा यापेक्षा कमीही देऊ शकतो.

वहिनींच्या २ लाख ७६ हजारांचे ८५ टक्के होतात २ लाख ३४ हजार ६००. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "वहिनी, एवढं मिळतंय तर घेऊन टाका. घराची डागडुजी होईल." इथेच आपण चुकतो. वहिनींना हवे होते १ लाख २० हजार. नुसत्या पाटल्यांवर किती मिळतं ते बघितलं : १ लाख ७६ हजारांचे ८५ टक्के म्हणजे १ लाख ४९ हजार ६००. म्हणजे पाटल्यांवरच काम भागत होतं. बोरमाळ पिशवीत घालून घरी परत आणली. जेवढ्या दागिन्यांत काम होतं तेवढेच गहाण ठेवायचे आणि जेवढे पैसे लागतात तेवढेच घ्यायचे.

याला दुसरंही कारण आहे. ८५ टक्क्यांची हद्द फक्त पहिल्या दिवशी पाळायची नसते, कर्ज फिटेपर्यंत पाळायची असते. समजा वहिनींनी दोन्ही दागिन्यांवर पुरे २ लाख ३४ हजार ६०० घेतले असते आणि सोन्याचा भाव दहा टक्क्यांनी उतरला असता. मग दागिन्यांची किंमत राहिली असती २ लाख ४८ हजार ४०० आणि तिचे ८५ टक्के झाले असते सुमारे २ लाख ११ हजार. वरचे सुमारे साडेतेवीस हजार भरा, नाहीतर आणखी सोनं आणा, असा फोन आला असता. भाव उतरला यात वहिनींचा काय दोष? पण कर्ज काठोकाठ घेतलं की असं होतं. पाटल्यांवर १ लाख २० हजार घेतल्यावर भाव दहा टक्के उतरला, तरी हद्द सुमारे १ लाख ३४ हजार ६०० राहते. वहिनी निवांत.

आता व्याजाकडे येऊ. व्याज विचारताना आपल्या बायका "शेकडा किती?" असं विचारतात. शेकडा एक रुपया महिन्याला म्हणजे वर्षाला १२ टक्के आणि शेकडा दोन म्हणजे वर्षाला २४ टक्के. म्हणून एकच प्रश्न पक्का करायचा : सांगितलेला दर महिन्याचा की वर्षाचा? आपण वर्षाला १२ टक्के धरून चालू.

फेडायचे साधारण तीन मार्ग असतात. पहिला मार्ग, दर महिन्याला नुसतं व्याज भरायचं आणि मुद्दल शेवटी. वहिनींच्या १ लाख २० हजारांवर महिन्याला १,२०० रुपये, वर्षाचं व्याज १४,४००. दुसरा मार्ग, मुद्दल आणि व्याज मिळून सारखे हप्ते. बारा महिन्यांसाठी हप्ता येतो सुमारे १० हजार ६६० रुपये. मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं, म्हणून वर्षाचं एकूण व्याज सुमारे ७,९०० रुपयेच पडतं. पगार येणाऱ्या घराला हे जमतं. तिसरा मार्ग, वर्षभर काहीच भरायचं नाही, शेवटी मुद्दल आणि व्याज एकदम. घरगुती कामाच्या कर्जाला या मार्गाची मुदत जास्तीत जास्त बारा महिने. शेतकरी घरांना हा मार्ग सोपा वाटतो, कारण पैसा पिकाबरोबर एकदम येतो.

या तिसऱ्या मार्गात दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. एक म्हणजे, टक्केवारीची हद्द शेवटी भरायच्या पूर्ण रकमेला लागते, म्हणजे व्याज धरून. म्हणून हातात पैसे कमी येतात. शेजारणीला त्याच वजनावर जास्त मिळाले आणि मला कमी का, याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं. शेजारणीने महिन्याचं व्याज भरायचं कबूल केलेलं असतं. दुसरी गोष्ट, काही ठिकाणी दर महिन्याचं व्याज मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावतात. मग १४,४०० चे सुमारे १५,२०० होतात. ते नक्की विचारायचं. कर्जासोबत एक छापील पत्रक द्यावं लागतं, त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा दर किती पडतो ते लिहिलेलं असतं. जाहिरातीतला दर बाजूला ठेवून तो आकडा बघायचा. काही योजनांत कमी दर फक्त व्याज वेळेवर भरणाऱ्यांना असतो. एक महिना चुकला की वरचा दर सुरू होतो. "व्याज वेळेवर भरलं नाही तर दर किती होईल?" हा प्रश्न म्हणूनच विचारायचा.

वहिनींनी काय केलं ते सांगतो. घरात दोन म्हशी आहेत, दर दहा दिवसांनी दूधबिल येतं. त्यातून महिन्याचे १,२०० रुपये निघू शकत होते. उसाचं बिल फेब्रुवारीत येणार होतं. म्हणून त्यांनी दर महिन्याला व्याज भरायचा मार्ग घेतला. सही करायच्या आधी आम्ही विचारलं, "मधेच मुद्दलातले पैसे भरले तर चालेल का? त्याला दंड आहे का?" दंड नाही असं कागदावर बघून घेतलं. जुलैत कर्ज घेतलं, सात महिने १,२०० प्रमाणे ८,४०० रुपये व्याज भरलं. फेब्रुवारीत उसाच्या बिलातले ६० हजार मुद्दलात टाकले. पुढे महिन्याला ६०० रुपयेच व्याज, पाच महिन्यांचे ३ हजार. १४,४०० च्या जागी ११,४०० मध्ये वर्ष निघालं. ज्या दिवशी पैसे येतील त्या दिवशी थोडे मुद्दलात टाकायचे, ही सवय सोनेतारणात सगळ्यात जास्त पैसे वाचवते.

आणि कर्ज फिटलंच नाही तर? हाच प्रश्न मावशींच्या बाबतीत कोणी विचारला नव्हता. समजा वहिनींनी शेवटी एकदम फेडायचा मार्ग घेतला आणि पंधरा महिने झाले तरी काहीच भरलं नाही. मुद्दल १ लाख २० हजार, पंधरा महिन्यांचं व्याज १८ हजार, दंड आणि लिलावाचा खर्च मिळून ५ हजार धरू. झाले १ लाख ४३ हजार. मुदत संपली म्हणून लगेच दुसऱ्या दिवशी दागिना विकता येत नाही. आधी कर्जदाराला नोटीस देऊन पैसे भरायला पुरेसा वेळ द्यावा लागतो. मग लिलावाची जाहिरात दोन वर्तमानपत्रांत द्यावी लागते, एक स्थानिक भाषेतलं आणि एक देशपातळीवरचं. लिलावाची किमान बोली त्या दिवशीच्या किमतीच्या ९० टक्क्यांखाली ठेवता येत नाही. दोनदा लिलाव होऊनही गिऱ्हाईक मिळालं नाही, तरच ती ८५ टक्क्यांपर्यंत खाली येते. कर्ज देणाऱ्याला स्वतः बोली लावता येत नाही.

वहिनींच्या पाटल्यांची किंमत तेवढीच राहिली असं धरलं, तर किमान बोली १ लाख ५८ हजार ४००. समजा १ लाख ६० हजारांना गेल्या. कर्जाचे १ लाख ४३ हजार वळते करून १७ हजार उरले. हे १७ हजार वहिनींचे आहेत. लिलावाचे पूर्ण पैसे आल्यापासून कामकाजाच्या सात दिवसांत ते परत मिळायला हवेत, आणि लिलावाचा सगळा हिशेबही मिळायला हवा. उलट लिलावात पैसे कमी पडले, तर राहिलेली रक्कम आपल्याकडून मागता येते. दागिना गेला म्हणजे कर्ज मिटलंच, असं नाही. शिवाय थकबाकीची नोंद होते आणि पुढच्या कर्जाला ती आडवी येते.

म्हणून दागिना सुटणार नाही असं दिसलं, तर लिलावाची वाट बघू नका. मुदतीच्या दोन महिने आधी गटात तोंड उघडा. आमच्या गटात आम्ही असं करतो : गटाच्या बचतीतून अंतर्गत कर्ज देऊन दागिना सोडवून आणतो, आणि गरज पडली तर बाई स्वतः सराफाकडे एक पाटली मोडते. स्वतः मोडली तर चार दुकानी भाव विचारता येतो आणि दुसरी पाटली हातात राहते. कर्ज पुढे वाढवूनही मिळू शकतं, पण शेवटी एकदम फेडायच्या कर्जात आधी साचलेलं व्याज भरावं लागतं. व्याज न भरता नुसत्या नव्या कागदावर सही घेऊन "झालं, वाढवलं" असं कोणी म्हणालं, तर सावध राहा.

शेवटी कागदाविषयी, कारण मावशींचं सगळं तिथेच अडलं होतं. तपासणी झाली की तिचा दाखला देणाऱ्याच्या लेटरहेडवर मिळायला हवा. त्यावर प्रत्येक दागिन्याचं एकूण वजन, कापलेलं वजन, निव्वळ वजन, कॅरेट, धरलेली किंमत, दागिन्याचा फोटो आणि काही मोडतोड असेल तर तीसुद्धा, असं सगळं असतं. त्याची एक प्रत आपली. कर्जाच्या अटी आपल्याला समजणाऱ्या भाषेत मिळायला हव्यात. वाचता येत नसेल तर साक्षीदारासमोर समजावून सांगायला हव्यात. फोन नंबर स्वतःचा द्या, आणि घर किंवा नंबर बदलला तर त्याच आठवड्यात जाऊन कळवा व पोच घ्या. मुदतीची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहा आणि घरातल्या एका तरी माणसाला दागिना कुठे आहे ते सांगून ठेवा. उद्या आपल्याला काही झालं, तर वारसांना तो सोडवता येतो, पण तो आहे हे कळलं तर.

पूर्ण पैसे भरल्यावर दागिना त्याच दिवशी, फार तर कामकाजाच्या सात दिवसांत परत मिळायला हवा. त्यांच्याकडून उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई द्यावी लागते. परत घेताना दाखला समोर ठेवून तिथेच वजन करून घ्या. वजन कमी भरलं तर खिडकी सोडू नका, लेखी तक्रार द्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तक्रार कशी करायची हे १४४४८ या नंबरवर फोन करून विचारता येतं.

मावशींचा पोहेहार परत आला नाही. पण आता आमच्या गटाच्या वहीत एक पान मावशींनीच करून घेतलं आहे. कोणी काय गहाण ठेवलं, निव्वळ वजन किती, कॅरेट किती, मुदत कोणत्या तारखेला संपते आणि नंबर कुणाचा दिला आहे, ते त्यावर लिहिलेलं असतं. दर बैठकीत बचत गोळा झाली की मावशी ते पान वाचायला लावतात. वहिनींच्या पाटल्या पहिल्या वर्षात पूर्ण सुटल्या नाहीत, ६० हजार राहिले होते. मुदत जुलैत संपणार, हे पान वाचताना मे महिन्यातच सगळ्यांना कळलं. ते ६० हजार गटाने अंतर्गत कर्ज म्हणून दिले आणि मुदतीच्या आठ दिवस आधी पाटल्या घरी आल्या. तुमच्या गटाच्या वहीत असं पान नसेल, तर पुढच्या बैठकीत ते घाला आणि पहिलं नाव लिहिताना दाखला समोर ठेवा.